पॉवर जुळली, तरी उत्तर चुकलं कसं?

*मॅडम, मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. टेस्टमध्ये गणित होतं: २४ व्होल्टची बॅटरी, तिच्यासोबत सिरीजमध्ये ४ ओहम, पुढे दोन फांद्या. एका फांदीत ६ ओहम, दुसरीत ५ आणि ७ ओहम एकामागे एक. माझा एकूण रोध ४.२५ ओहम आला आणि करंट ५.६५ अँपिअर. मी तपासून पाहिलं. पॉवर तिन्ही सूत्रांनी काढली, तिन्ही वेळा साधारण १३५.५ वॉट आली, म्हणून निर्धास्त झाले. सरांनी सांगितलं, करंट ३ अँपिअर आहे. मग घरी ३ अँपिअर धरून पुढचं सोडवलं. ६ ओहममधून १ आणि दुसऱ्या फांदीतून २ अँपिअर लिहिले. प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज गुणिले करंट केलं, बेरीज ७२ वॉट आली, बॅटरीचेही ७२. तरी तेही चूक निघालं! मैत्रिणी म्हणतात, तपासण्यात वेळ घालवू नकोस, त्यापेक्षा एक गणित जास्त सोडव. घरचे म्हणतात, तू धांदरट आहेस. मी तपासणं सोडून देऊ का?*

*– तपासूनही चुकणारी*

तू धांदरट आहेस की नाही हे मला या पत्रावरून ठरवता येणार नाही, आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही. धांदरट मुलगी पॉवर तीन सूत्रांनी काढत बसत नाही. तुझी अडचण वेगळी आहे. आकडे जुळले म्हणजे उत्तर बरोबर, असं तू धरून चालली आहेस. पण आकडे कधी कधी जुळतातच, उत्तर काहीही असलं तरी. तुझ्या दोन्ही तपासण्या नेमक्या तशा आहेत. त्या चुकीच्या उत्तरालाही पास करतात, म्हणून त्यांनी तुला सावध केलं नाही. तेव्हा तपासणं सोडू नकोस, पण काय तपासतेस ते बदल.

आधी पहिली तपासणी घेऊ. तुझ्याकडे बॅटरीचे २४ व्होल्ट होते, ते गणितात दिलेले. ४.२५ ओहम तू काढलेले. करंट आला तो या दोघांच्या भागाकारातून. आता V × I, I²R आणि V²/R या तिन्हींमध्ये I च्या जागी V/R घालून बघ. तिन्ही सूत्रं V²/R होऊन बसतात. म्हणजे तू एकच आकडा तीनदा काढलास. खात्री करायची असेल तर मुद्दाम वेडावाकडा रोध घे, समज १०० ओहम. करंट ०.२४ अँपिअर. २४ × ०.२४ म्हणजे ५.७६ वॉट, ०.२४ चा वर्ग गुणिले १०० म्हणजे ५.७६ वॉट, २४ चा वर्ग भागिले १०० म्हणजेही ५.७६ वॉट. तुझ्या सर्किटशी १०० ओहमचा काडीचा संबंध नाही, तरी सगळं छान जुळलं. या तपासणीतून एवढंच कळतं की कॅल्क्युलेटरची बटणं नीट दाबली गेली. रोध बरोबर आहे का, हा प्रश्न तिने विचारलाच नाही.

तो प्रश्न विचारायचा असेल तर काढलेला करंट घेऊन सर्किटच्या आत परत जावं लागतं, एकेका रेझिस्टरपाशी. एकूण रोध हा आपण सोयीसाठी बनवलेला आकडा. प्रत्यक्ष सर्किटमध्ये ४.२५ ओहमचा रेझिस्टर कुठेच नाही. तिथे ४, ६, ५ आणि ७ आहेत, आणि उत्तर खरं असेल तर ते या चौघांपाशी टिकायला हवं.

तुझे ५.६५ अँपिअर घेऊन आपण तसं जाऊ. ४ ओहमवर पडतात ५.६५ × ४, म्हणजे २२.६ व्होल्ट. बॅटरीच्या २४ पैकी उरले १.४ व्होल्ट. दोन्ही फांद्या एकाच दोन टोकांमध्ये जोडलेल्या आहेत, म्हणून दोन्हींवर हेच १.४ व्होल्ट. मग ६ ओहममधून १.४ ÷ ६, म्हणजे ०.२३ अँपिअर जातात. दुसऱ्या फांदीत ५ आणि ७ मिळून १२ ओहम, तिच्यातून ०.१२ अँपिअर. दोन्हींची बेरीज ०.३५ अँपिअर. पण जंक्शनला तर ५.६५ अँपिअर येऊन पोचले होते! बाकीचे ५.३ अँपिअर गेले कुठे? करंट जंक्शनवर साचत नाही आणि गायबही होत नाही. इथे उत्तर पडलं, आणि पडताना चूक कुठे आहे तेही दाखवून गेलं. ४ ओहमपर्यंत सगळं सरळ आहे, बिघाड फांद्यांच्या हिशेबात आहे. तू १/६ आणि १/१२ यांची बेरीज केलीस, १/४ आलं, आणि ते उलटं करायचं राहिलं. फांद्यांचा रोध ४ ओहम असायला हवा होता, तो ०.२५ धरला गेला.

ही उलटं करायची चूक पहिल्या वर्षाच्या पेपरांत इतकी दिसते की तिच्यासाठी एक खास सवय लावून घे. समांतर जोडणीचा रोध सगळ्यांत लहान रेझिस्टरपेक्षा कमी असतो, हे तुला पाठ असेलच. पण ०.२५ हे ६ पेक्षा कमीच आहे, म्हणून तो नियम इथे गप्प बसतो. त्याला खालचीही मर्यादा घाल. दोन फांद्या असतील तर रोध लहान फांदीच्या निम्म्यापेक्षा कमी होऊच शकत नाही. ६ ओहमला समांतर दुसरे ६ ओहम जोडले तर ३ होतात. त्याच्या जागी १२ जोडले तर वाट अरुंद झाली, म्हणजे रोध ३ च्या वरच राहणार. उत्तर ३ आणि ६ यांच्या मध्ये हवं. ०.२५ बघताक्षणी बाद. फांद्या तीन असतील तर सगळ्यांत लहान रोधाचा तिसरा भाग ही खालची मर्यादा. कागदावर काही न मांडता हे होतं.

आता दुसरी तपासणी. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे तू योग्य गोष्ट करायला गेली होतीस. एकेका रेझिस्टरची पॉवर काढून बॅटरीच्या पॉवरशी ताडून पाहणं हीच खरी तपासणी. फक्त सूत्र असं घेतलंस की ते आंधळं होतं.

बघ, फांद्यांवरचे १२ व्होल्ट तुला कुठून मिळाले? २४ मधून ४ ओहमचे १२ वजा करून. १ आणि २ अँपिअर कसे ठरले? त्यांची बेरीज ३ व्हावी असे. मग फांद्यांची पॉवर झाली १२ × १ अधिक १२ × २. हे म्हणजे १२ × ३, म्हणजे ३६. तू अर्धा आणि अडीच अँपिअर लिहिले असतेस तरी ३६ च आले असते. सगळ्या हिशेबात ६ कुठे आले? ५ आणि ७ कुठे आले? आलेच नाहीत. व्होल्टेजची बेरीज जुळवली आणि करंटची बेरीज जुळवली की V × I ची बेरीज आपोआप जुळते, रेझिस्टर कितीही ओहमचे असोत. हे एक सिद्ध झालेलं प्रमेय आहे. बर्नार्ड टेलेगेन या डच इंजिनिअरने ते १९५२ साली मांडलं आणि ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. ते कुठल्याही जाळ्याला लागू पडतं. आपल्या कामाचा अर्थ एवढाच की V × I ओहमचा नियम तपासत नाही.

म्हणून सूत्रात दोन गोष्टी हव्यात: तू उत्तर म्हणून लिहिलेली राशी, आणि गणितात दिलेला मूळ रोध. तू करंट लिहिले आहेस, तेव्हा I²R वापर. ४ ओहमवर ३ अँपिअर, म्हणजे ९ × ४ = ३६ वॉट. ६ ओहमवर तुझा १ अँपिअर, म्हणजे ६ वॉट. ५ ओहमवर तुझे २ अँपिअर, म्हणजे ४ × ५ = २० वॉट. ७ ओहमवर तेच २ अँपिअर, म्हणजे २८ वॉट. बेरीज ९० वॉट. बॅटरी देते ७२. तर हे वरचे १८ वॉट कुठून आले? कुठूनच नाही. करंट चुकले आहेत. आता अदलाबदल कर: ६ ओहममधून २ अँपिअर, दुसऱ्या फांदीतून १. मग ३६ + २४ + ५ + ७ = ७२. हिशेब चोख.

एक सूचना इथेच देते, कारण हुशार मुलंही यात फसतात. तिथे V²/R वापरलं असतंस तरी चूक सापडली नसती. १२ चा वर्ग भागिले ६ म्हणजे २४, आणि १२ चा वर्ग भागिले १२ म्हणजे १२. मिळून ३६, पुन्हा एकूण ७२. व्होल्टेज बरोबर होतं, म्हणून पॉवर बरोबर आली, पण तू लिहिलेले करंट त्या सूत्रात शिरलेच नाहीत. ज्या आकड्यावर संशय आहे तो आकडा तपासणीत यायलाच हवा. करंट तपासायचा तर I²R, व्होल्टेज तपासायचं तर V²/R. V × I राखून ठेव बॅटरीसाठी, कारण तिला तिथे दुसरं सूत्रच नाही.

आता त्या जास्तीच्या १८ वॉटकडे जरा थांबून बघ. मला हा या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. एकूण करंट बरोबर असेल आणि फक्त फांद्यांमधली वाटणी चुकली असेल, तर I²R ची बेरीज नेहमी जास्तच येते. कमी कधीच येत नाही. दोन समांतर फांद्यांमध्ये करंट अशा रीतीने वाटला जातो की एकूण उष्णता कमीत कमी निघते. त्या वाटणीपासून तू कुठल्याही बाजूला सरकलीस तरी बेरीज वाढते. किती वाढते, तेही सोपं आहे: चुकीचा वर्ग गुणिले दोन्ही फांद्यांच्या रोधाची बेरीज. तुझी चूक होती १ अँपिअरची, फांद्यांचे रोध ६ आणि १२, बेरीज १८. म्हणून १ × १८, बरोबर १८ वॉट. तू दोन्ही फांद्यांना दीड-दीड अँपिअर दिले असतेस तर चूक अर्ध्या अँपिअरची, म्हणजे ०.२५ × १८ = ४.५ वॉट जास्त. करून बघ, बेरीज ७६.५ येते.

यावरून बेरीज बघून चुकीचा माग काढता येतो. बेरीज बॅटरीपेक्षा जास्त आली तर पहिला संशय वाटणीवर घे. करंट विभागताना समोरच्या फांदीचा रोध वर घ्यायचा असतो, तिथे बऱ्याच जणांकडून त्याच फांदीचा घेतला जातो. बेरीज कमी आली तर मात्र दोष एकट्या वाटणीचा नाही. तेव्हा एकूण करंट किंवा फांद्यांवरचं व्होल्टेज चुकलं आहे का ते बघ, नाहीतर एखादा रेझिस्टर बेरजेत घ्यायचा राहिला असेल. राहून जाणं फार होतं, विशेषतः तुझ्या ५ आणि ७ सारखी जोडी १२ म्हणून एकत्र लिहिली की.

पण याच नियमामुळे पॉवरच्या तपासणीत एक उणीव राहते. चूक लहान असेल तर तिचा वर्ग आणखीच लहान होतो. समज, तू २ आणि १ ऐवजी २.१ आणि ०.९ अँपिअर लिहिलेस. फांद्यांची पॉवर येते २६.४६ आणि ९.७२, मिळून ३६.१८. बॅटरीच्या ७२ समोर तुझे ७२.१८. तू म्हणशील, दशांशाचा फरक असेल, आणि पुढे जाशील. पण एका फांदीचा करंट ५ टक्क्यांनी आणि दुसरीचा १० टक्क्यांनी चुकलेला आहे! हीच चूक व्होल्टेजमध्ये लगेच दिसते. २.१ × ६ म्हणजे १२.६ व्होल्ट आणि ०.९ × १२ म्हणजे १०.८ व्होल्ट. एकाच दोन टोकांमध्ये दोन वेगळी व्होल्टेज कशी असतील?

म्हणून क्रम असा ठेव. आधी करंट: जंक्शनला आलेला आणि गेलेला सारखा आहे ना. मग व्होल्टेज: प्रत्येक फांदीचं करंट गुणिले रोध काढून दोन्ही फांद्यांवर एकच आकडा येतो ना, आणि बॅटरीपासून बॅटरीपर्यंतची बेरीज २४ होते ना. पॉवर शेवटी. करंट आणि व्होल्टेज या तऱ्हेने खरोखर तपासले असतील तर पॉवर जुळणारच. मग ती काढायची कशाला? एक म्हणजे बऱ्याच गणितांत पॉवरच विचारलेली असते. दुसरं म्हणजे ती एका बेरजेत सगळे रेझिस्टर एकदम हजेरीला उभे करते, कुणी सुटलं असेल तर तिथे कळतं.

दशांशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण पुढे हा प्रश्न येणारच. करंट दोन दशांशांवर तोडून त्याचा वर्ग केला की टक्केवारीतली चूक दुप्पट होते. म्हणून मधले आकडे चार अंकी ठेव, फक्त शेवटचं उत्तर गोल कर. चार अंक ठेवूनही बॅटरी आणि रेझिस्टर यांच्या पॉवरमध्ये हजारात एक-दोनापेक्षा जास्त फरक उरला तर तो गोल करण्यावर ढकलू नकोस, चूक शोध.

आता एक अशी चूक सांगते जी करंट, व्होल्टेज, पॉवर या सगळ्यांतून सहीसलामत सुटते. आकृती चुकीची वाचणं. तुझ्या सर्किटमध्ये ७ ओहमचा रेझिस्टर छापताना खालच्या आडव्या तारेवर, बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेवर काढलेला असू शकतो. घाईत वाटतं की ६ आणि ५ समांतर आहेत आणि ७ दोघांनंतर सिरीजमध्ये आहे. तसं सोडवलंस तर ६ आणि ५ मिळून २.७२७, त्यात ४ आणि ७ मिळवून १३.७२७ ओहम. करंट १.७४८ अँपिअर, बॅटरीची पॉवर ४१.९६ वॉट. आत जाऊन तपास: ४ ओहमवर १२.२३ वॉट, ७ ओहमवर २१.४० वॉट, ६ वर ३.७९, ५ वर ४.५५. बेरीज ४१.९७. वाटणी बरोबर, व्होल्टेज बरोबर, पॉवर बरोबर. फक्त सर्किट दुसरंच.

याच्यावर उपाय एकच: तपासणी आपण सोपं करून काढलेल्या आकृतीवर करायची नाही, मूळ छापील आकृतीवर करायची. त्यासाठी टोकांना नावं दे. बॅटरीच्या धन टोकाला क. तिथून तार जिथपर्यंत अखंड जाते तिथपर्यंत सगळं क च, तार कितीही वळली तरी. ४ ओहम ओलांडला की ख. ५ आणि ७ यांच्या मधला बिंदू ग. बॅटरीचं ऋण टोक घ. आता आकृतीवर बोट ठेवून लिही: ४ ओहम क-ख, ६ ओहम ख-घ, ५ ओहम ख-ग, ७ ओहम ग-घ. एवढं लिहिलं की डोळ्यांना फसायला जागा उरत नाही. ज्या दोन रेझिस्टरांची दोन्ही अक्षरं सारखी, ते समांतर. ज्या बिंदूवर दोनच टोकं भेटतात, तिथले दोघे सिरीजमध्ये. ग वर ५ आणि ७ यांचीच टोकं आहेत, तेव्हा दोघांत एकच करंट हवा. चुकीच्या वाचनातून ५ ओहममध्ये ०.९५ आणि ७ ओहममध्ये १.७५ अँपिअर आले होते. ग पाशी ०.९५ आले आणि १.७५ गेले, असं कसं होईल? पॉवरने जे पकडलं नाही ते या यादीने एका नजरेत पकडलं.

यादी सर्किट सोडवायच्या आधीच करून ठेवलीस तर आणखी बरं. एका ओळीचं काम आहे. पण कच्च्या आकृतीवरून यादी करू नकोस, नाहीतर चूकच नव्याने उतरवून ठेवशील.

मैत्रिणींचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. परीक्षेत वेळ खरंच मोजका असतो, आणि तू जशी तपासत होतीस त्यापेक्षा एक गणित जास्त सोडवणं फायद्याचंच होतं. पण तपासायला सोडवण्याइतका वेळ लागायला नको. त्याला एक उलटी वाट आहे. बॅटरीपासून आत जाण्याऐवजी सगळ्यांत लांबच्या रेझिस्टरपासून बॅटरीकडे परत ये. तुझं उत्तर असेल की ७ ओहममधून १ अँपिअर जातो. ठीक आहे, तिथून निघ. ७ वर ७ व्होल्ट, ५ वर ५ व्होल्ट, फांदीवर १२. तेच १२ व्होल्ट ६ ओहमवर, म्हणजे तिथे २ अँपिअर. दोन्ही मिळून ३ अँपिअर ४ ओहममधून, तिथे १२ व्होल्ट. फांदीचे १२ आणि हे १२, मिळून २४. बॅटरी २४ चीच आहे. झालं.

या वाटेत १/R ची बेरीज कुठेच आली नाही. उलटं करायचं राहण्याची भीती नाही, वाटणीचं सूत्र उलटंपालटं होण्याची भीती नाही. तुझ्या दोन्ही चुका ज्या पायऱ्यांवर झाल्या त्या पायऱ्याच इथे नाहीत, म्हणून ही तपासणी खरी स्वतंत्र. तीच आकडेमोड त्याच क्रमाने पुन्हा केली की हात त्याच ठिकाणी घसरतो. तुझे चुकीचे आकडे घालून बघ: दुसऱ्या फांदीत २ अँपिअर, तर ७ वर १४ व्होल्ट आणि ५ वर १०, फांदीवर २४ व्होल्ट. बॅटरीचे सगळे व्होल्ट इथेच संपले, ४ ओहमला काहीच उरलं नाही. दोन गुणाकारांत निकाल लागला.

या वाटेने गणित मुळातूनही सोडवता येतं. शेवटच्या फांदीत १ अँपिअर आहे असं धरायचं, मागे चालत यायचं, बॅटरी किती व्होल्टची लागते ते बघायचं. आपल्या सर्किटला २४ लागतात. प्रश्नात बॅटरी १८ व्होल्टची असती तर सगळे करंट १८/२४ ने, म्हणजे पाऊणपट करायचे: ०.७५, १.५ आणि २.२५ अँपिअर. पॉवर पाऊणाच्या वर्गाने कमी होते, ७२ × ०.५६२५ म्हणजे ४०.५ वॉट. हे विसरून पॉवरही पाऊणपट करणारे पुष्कळ असतात. ते ५४ वॉट लिहितात. १८ × २.२५ करून बघितलं असतं तर चूक तिथेच दिसली असती. ही रीत फक्त सिरीज आणि समांतर जोडण्यांनी बनलेल्या सर्किटला चालते. ब्रिजसारखी जाळी आली, जिथे एक रेझिस्टर दोन फांद्यांच्या मध्ये आडवा टाकलेला असतो, की मागे चालताना वाट तुटते. मात्र तिथेही टोकांची यादी, जंक्शनचे करंट, फेऱ्यांची व्होल्टेज आणि I²R ची बेरीज तशीच लागू पडते.

तू प्रॅक्टिकलही करत असशील, तर तिथल्या दोन गोष्टी सांगून थांबते. कागदावर ४ ओहमवर ३६ वॉट लिहिताना काही वाटत नाही, पण ब्रेडबोर्डवर लावतो ते छोटे कार्बन रेझिस्टर बहुतेक पाव वॉटचे असतात. त्यांच्यावर ३६ वॉट म्हणजे क्षणात धूर. हेच सर्किट बोर्डवर बांधायचं तर ओहमच्या जागी किलोओहम घे. ३.९, ६.२, ५.१ आणि ६.८ किलोओहम बाजारात मिळतात. मग करंट साधारण तेवढेच, पण मिलिअँपिअरमध्ये, आणि पॉवर मिलिवॉटमध्ये. व्होल्ट, किलोओहम, मिलिअँपिअर आणि मिलिवॉट हे चौघे एकत्र चालतात, त्यांत हजारांचे शून्य सांभाळावे लागत नाहीत. गोंधळ होतो तो यांच्यात एक ओहम किंवा एक अँपिअर मिसळला की. पॉवरची बेरीज हजारपट किंवा दहा लाखपट चुकलेली दिसली तर सूत्र तपासू नकोस, एककं तपास.

दुसरी गोष्ट मोजमापाची. सोनेरी पट्टीचा रेझिस्टर छापील किमतीपेक्षा ५ टक्के इकडेतिकडे असू शकतो. म्हणून मोजलेला करंट आणि छापील रोध घेऊन I²R ची बेरीज केलीस तर ती बॅटरीशी तंतोतंत जुळणार नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. तिथे मल्टिमीटरने प्रत्येक रेझिस्टरचं व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोज आणि V × I ची बेरीज कर. गणितात तिला मी आंधळी म्हटलं, कारण ती रोध बघत नाही. पण रोधाची किंमत नक्की माहीत नसते तिथे तेच सोयीचं ठरतं. ती बेरीज बॅटरीशी जुळली नाही तर दोष रेझिस्टरचा नाही, मोजण्याचा आहे. एखादं वाचन चुकलं, मीटरची रेंज चुकली किंवा मीटर लावल्यामुळे सर्किटच थोडं बदललं. अँमीटरला स्वतःचा थोडा रोध असतो, आणि तो एका फांदीतून काढून दुसरीत लावला की दोन वाचनं दोन वेगळ्या सर्किटांची होतात. शक्य असेल तर करंट मोजायच्या भानगडीत न पडता प्रत्येक रेझिस्टर बोर्डवरून सुटा करून त्याचा रोध मोज, मग बोर्डवर लावून फक्त व्होल्टेज मोज, आणि करंट भागाकाराने काढ. त्या आकड्यांवर मात्र V × I ची बेरीज तुला खरंच काहीतरी सांगेल.